रोजची सर्दी, फ्लू की अ‍ॅलर्जी? शाळेची बस यायच्या आधी कसं ओळखता?

नीलांबरी
लेक साडेसात वर्षांचा, दुसरीत आहे. आम्ही पुण्यात, सिंहगड रस्त्याला राहतो. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यापासून त्याच्या नाकाला उसंत नाही. बस सात दहाला येते. पावणेसातला उठवलं की अंथरुणातच लागोपाठ सात-आठ शिंका आणि नाकातून पाणी. शाळेतून दोनदा फोन आला, "सर्दी झालीय, घेऊन जा." घरी आणलं तर दुपारी एकदम टुणटुणीत, खाली सायकल फिरवतोय.

मग मी ठरवलं, ही त्याची नेहमीचीच सर्दी आहे, पाठवायचं. ऑगस्टमध्ये असंच शिंकत असताना पाठवला आणि दुपारी एक वाजता शाळेतून फोन आला. गेले तर बाकावर डोकं टेकवून बसला होता, डोळे लाल, अंग भट्टीसारखं. ताप १०३. तो फ्लू निघाला. पाच दिवस उठला नाही. तेव्हापासून रोज सकाळी माझं काळीज धडधडतं. वर चार महिन्यांत वेगवेगळ्या दवाखान्यांतून अँटिबायोटिकचे तीन कोर्स झालेत ते वेगळेच.

पावणेसात ते सात दहा एवढाच वेळ असतो माझ्याकडे. साधी सर्दी, फ्लू आणि अ‍ॅलर्जी यांतलं काय आहे हे तुम्ही घरच्या घरी कसं ओळखता?

सुमनकाकू
नीलांबरी, अगं पावसाळ्यात मुलांना पडसं व्हायचंच. रात्री तव्यावर ओवा भाजून पुरचुंडी कर, छाती शेक. वेखंडाची धुरी दे खोलीत. आणि दही, केळं बंद कर आधी. माझी तीन मुलं नि पाच नातवंडं अशीच वाढली.

सह्यभटक्या
मलाही गेली दोन वर्षं ऑफिसच्या एसीत बसलं की नाक चोंदतं. एका बाजूचं हाड वाढलंय म्हणाले. ऑपरेशन करावं का? कोणी केलंय का? वय ४२.

मंदार_ठाणे
सोपं आहे. शेंबडाचा रंग बघा. पांढरा, पाण्यासारखा असेल तर अ‍ॅलर्जी किंवा व्हायरल. पिवळा-हिरवा झाला की जंतुसंसर्ग, मग अँटिबायोटिक लागतंच. आणि एकदा रक्तातली आयजीई तपासून घ्या, अ‍ॅलर्जी आहे की नाही याचा सोक्षमोक्ष लागेल.

@सह्यभटक्या, दादा, वेगळा धागा काढा, इथे मुलांचं चाललंय. तिकडे नक्की लिहितो, माझं झालंय ते ऑपरेशन.

कृष्णाकाठ
मी सांगलीला बालरोगतज्ज्ञ आहे, बावीस वर्षं झाली. मुलाला न बघता औषध सांगणार नाही, पण ओळखायचं कसं यावर बोलता येईल. आधी चार गोष्टी विचारतो, ताई.

शिंका येतात तेव्हा नाक खाजतं का? म्हणजे तळहाताने नाकाचा शेंडा वर ढकलतो का, डोळे चोळतो का, टाळूला जीभ घासून कटकट आवाज काढतो का? दुसरं, ऑगस्टच्या आजाराची सुरुवात आठवा. हळूहळू वाढला की घड्याळ लावून सांगता येईल असा अचानक आला? तिसरं, जूनपासून एखादा आठवडा तरी नाक पूर्ण कोरडं होतं का, आणि तेव्हा तो कुठे होता? चौथं, घरात आणखी कोणाला दमा, शिंका, अंगावर चट्टे असं काही?

रंगाचं नंतर बोलू.

नीलांबरी
डॉक्टर, तुम्ही माझ्या घरात बसून बघताय असं वाटलं. नाक वर ढकलायची सवय इतकी आहे की मी त्यावरून रागावते त्याला. तुमचं वाचून आत्ता झोपलेल्या लेकाच्या नाकावर मोबाईलचा उजेड धरून बघितलं. शेंड्याच्या जरा वर आडवी रेघ आहे, बारीक, नखाने ओढावी तशी. डोळ्यांखाली काळपट आहे, ते मी अशक्तपणाचं समजत होते आणि गेले दोन महिने खजूर चारत होते.

नाक कोरडं फक्त मे महिन्यात होतं. सोलापूरला आजोळी तीन आठवडे होता, गच्चीवर झोपायचा. पुण्याला परत आलो आणि आठवड्यात सुरू झालं. गणपतीच्या आधी माळ्यावरून मखराचं खोकं काढलं तेव्हा तर वीसेक शिंका एका दमात, डोळे सुजले. यांना स्वतःला सकाळच्या शिंका आहेत लहानपणापासून, आणि आत्याला दमा.

ऑगस्टचं मात्र अगदी वेगळं होतं. साडेदहाच्या डब्याला ठीक होता, बाईंनी सांगितलं. बाराला थंडी वाजतेय म्हणाला. एकला १०३.

कृष्णाकाठ
मग चित्र बरंच स्पष्ट आहे. रोजचं जे आहे ते अ‍ॅलर्जीचं दिसतंय, आणि बहुधा घरातल्या धुळीतल्या किड्यांची. हे किडे डोळ्यांना दिसत नाहीत. गादी, उशी, गोधडी, मऊ खेळणी यांत राहतात, आपल्या अंगावरून झडणाऱ्या कोंड्यावर जगतात आणि दमट हवेत वाढतात. पावसाळ्यातलं पुणं त्यांना मानवतं, मे महिन्यातलं कोरडं सोलापूर मानवत नाही. मूल रात्रभर त्याच उशीत नाक खुपसून झोपतं, म्हणून शिंका उठल्याउठल्या येतात आणि दहा-अकरापर्यंत ओसरतात. नाकावरची रेघ सतत वर ढकलल्याने पडते. डोळ्यांखालचं काळं दिसतं ते नाक आतून सुजल्यामुळे, तिथलं रक्त साचून राहतं म्हणून. खजुराने ते जायचं नाही, पण खजूर चालू द्या, वाईट काही नाही.

आता तुमचा खरा प्रश्न. अ‍ॅलर्जीला ताप नसतो. कितीही शिंका येऊ देत, नाकाचा नळ झाला तरी थर्मामीटर वर जात नाही. आणि खाज असते. या दोन गोष्टी मी सगळ्यात आधी बघतो. ताप आहे आणि खाज नाही, तर अ‍ॅलर्जीवर ढकलू नका, मूल एरवी रोज शिंकत असलं तरी.

फ्लू अचानक येतो, तुम्ही सांगितलं तसाच. दोन तासांत मूल मलूल होतं, ताप १०२-१०३ च्या पुढे, हुडहुडी, डोकं आणि अंग मोडून येतं, कोरडा खोकला. नाक फारसं गळतही नाही कधीकधी. लहान मुलांना उलट्या होतात, मग लोक पोटाचं औषध देत बसतात. साधी सर्दी हळू येते. पहिल्या दिवशी घसा खवखवतो, मग नाक गळतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त त्रास, सात ते दहा दिवसांत उतरते. खोकला आणखी आठवडाभर रेंगाळतो. ताप आला तर बेताचा, शंभर-एकशे एक. आणि मुख्य म्हणजे ते मूल खेळत असतं. फ्लूचं मूल खेळत नाही, टीव्ही लावला तरी बघत नाही.

मंदार_ठाणे
डॉक्टर, रंगाचं राहिलं. आमच्या मुलीला हिरवा झाला की दरवेळी अँटिबायोटिकने दोन दिवसांत बरं वाटतं. अनुभव आहे.

कृष्णाकाठ
मंदारजी, साध्या सर्दीतही तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेंबूड पिवळा-हिरवा होतोच. आपल्याच पांढऱ्या पेशी तिथे लढून मरतात, त्यांचा तो रंग. हिरवा दिसल्यावर तुम्ही दवाखान्यात जाता तो दिवस चौथा-पाचवा असतो, आणि सर्दी सहाव्या-सातव्या दिवशी उतरणारच असते. श्रेय गोळीला मिळतं. अँटिबायोटिकचा विचार मी तेव्हा करतो, जेव्हा दहा दिवस उलटूनही काही कमी होत नाही, किंवा बरं वाटायला लागून पुन्हा ताप चढतो, किंवा सुरुवातीपासूनच मोठा ताप आणि घट्ट शेंबूड सलग तीन-चार दिवस सोबत असतात. एकाच नाकपुडीतून घाण वासाचं येत असेल तर आधी आत मणी, खोडरबर, शेंगदाणा आहे का ते बघायला आणा.

आयजीईचं म्हणाल तर, एकूण आयजीई आपल्याकडे जंतांमुळेही वाढलेली सापडते. आणि नॉर्मल आली म्हणून अ‍ॅलर्जी नाही असंही नाही. मुलाची हकीकत नीट ऐकली तर बहुतेक वेळा त्या तपासणीची गरज पडत नाही.

मंदार_ठाणे
तीन-चार दिवसांचं पटलं. पण आमच्या इथल्या डॉक्टरांनी दरवेळी स्वतःच लिहून दिलंय, मी मागितलं नाही. पुढच्या वेळी थांबून बघतो, बायकोला पटवायला हवं.

रेवती_र
एक भर घालते, कारण आम्ही इथेच फसलो. गेल्या वर्षी सप्टेंबरात मुलीला असाच अचानक १०३ ताप, अंगदुखी. फ्लूच म्हणून घरी ठेवलं. पण तिला ना शिंक, ना खोकला, ना घसा. फक्त ताप, आणि डोळे हलवले की मागे दुखतं म्हणायची. चौथ्या दिवशी ताप उतरला म्हणून आम्ही खूश, आणि तेव्हाच पोटात दुखायला लागलं, उलट्या. डेंगी निघाला, प्लेटलेट ४० हजारांवर आलेल्या. पावसाळ्यात नाक-घसा कोरडा ठेवून आलेला मोठा ताप असेल तर कृपा करून रक्त तपासा.

कृष्णाकाठ
रेवतीताईंचं अगदी बरोबर. म्हणूनच पावसाळ्यात तापाला फक्त पॅरासिटामॉल द्या, आयब्युप्रोफेन घरच्या घरी नको, डेंगी असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. अ‍ॅस्पिरिन तर मुलांना तापात कधीच नको.

आणि बाटलीवरचा आकडा वाचा. पॅरासिटामॉलचं सिरप मुख्यतः दोन ताकदींचं मिळतं, ५ मिलीत १२० किंवा १२५ मिग्रॅ आणि ५ मिलीत २५० मिग्रॅ. वजनाच्या दर किलोला १५ मिग्रॅ धरतात. २४ किलोच्या मुलाला ३६० मिग्रॅ, म्हणजे २५० च्या बाटलीतून साधारण ७ मिली. दोन डोसांत किमान चार तासांचं अंतर, दिवसाला चारच्या वर नाही. १२० च्या बाटलीतून तेच ७ मिली दिलं की डोस निम्मा पडतो आणि आई सांगते, ताप औषधाला दाद देत नाही.

फळा_खडू
मी साताऱ्यात प्राथमिक शाळेत शिकवते. शाळेची बाजू सांगू का? वर्गात ४८ मुलं. एकजण शिंकला की आम्हाला आत काय आहे ते कळत नाही, आणि शेजारच्या मुलाची आई संध्याकाळी मला विचारते. म्हणून आम्ही फोन करतो. माझ्या वर्गात एका मुलाच्या आईने डॉक्टरांची चिठ्ठी दिलीय, "अ‍ॅलर्जीची सर्दी, संसर्गजन्य नाही." ती मी हजेरीपटाला टाचून ठेवलीय. त्याला मी खिडकीजवळ बसवते आणि फळा पुसताना बाहेर पाठवते. नीलांबरीताई, तुम्हीही चिठ्ठी द्या.

पण विनंती एकच. सकाळी पॅरासिटामॉल पाजून ताप दाबून पाठवू नका. आम्हाला अकरा वाजता कळतंच.

प्राजक्ता_न्यूजर्सी
आमच्याकडे उलटा काळ. लेकीचं एप्रिल-मेमध्ये सुरू होतं, झाडांचे परागकण. तेव्हा बाहेर खेळून आली की जास्त आणि घरात कमी. नीलांबरी, तुमच्याकडे घरात जास्त आणि बाहेर सायकल खेळताना कमी, म्हणजे डॉक्टर म्हणतात तसं गादी-उशीच असणार. पण पुण्यात गाजरगवतही खूप ना? माझ्या बहिणीला त्याचाच त्रास आहे.

सुमनकाकू
सगळं वाचलं. डॉक्टर, तुम्ही माझ्या वेखंडाच्या धुरीबद्दल काही बोलला नाहीत. आणि दह्याचं काय?

कृष्णाकाठ
काकू, ओव्याच्या पुरचुंडीला माझी हरकत नाही, मुलाच्या अंगावर ठेवायच्या आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघा म्हणजे झालं. धुरी मात्र अ‍ॅलर्जीच्या नाकाला नको. वेखंड असो, धूप असो की डासांची कॉइल, धुराने ते नाक आणखी सुजतं. वाफाऱ्याचं पातेलं मुलासमोर ठेवू नका. भाजलेली मुलं मी पाहिली आहेत, पातेलं कलंडतं आणि मांडीवर येतं. मिठाच्या पाण्याचे थेंब किंवा स्प्रे मिळतो, त्याने नाक मोकळं होतं.

दह्याने सर्दी होते असं मला वाटत नाही. ताजं दही दुपारी खाऊ द्या.

सुमनकाकू
धुरी बंद करते, नातवालाही देत होते मी. दह्याचं मला पटलेलं नाही. रात्री दही खाल्लं की सकाळी आमच्याकडे घसा धरतोच.

नीलांबरी
तीन आठवड्यांनी लिहितेय. इथल्याच एका मैत्रिणीने सुचवलेल्या बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी नाकात बॅटरी धरून बघितलं. आतली त्वचा फिकट, सुजलेली होती, अ‍ॅलर्जीच म्हणाले. नाकात मारायचा स्टिरॉइडचा स्प्रे रोज रात्री, आणि गरज पडेल तेव्हा सेटिरिझिन. स्टिरॉइड ऐकून आम्ही दोघं घाबरलो होतो, त्यांनी समजावलं.

गादीवरची जुनी गोधडी काढली. उशीला घट्ट विणीची चेनवाली खोळ. चादरी-अभ्रे आठवड्याला कढत पाण्यातून. टेडीला दर शनिवारी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवते. आधी लेक रडला, आता "टेडी हिमालयात गेला" म्हणून स्वतःच ठेवतो.

आणि मी एक वही केली. रोज सकाळी चारच रकाने: ताप, खाज, शिंका, नाश्ता. पहिल्या आठवड्यात शिंका ८, ७, ९, ८. स्प्रे सुरू झाल्यावर चार दिवस काहीच फरक नाही, मी बंदच करणार होते. सहाव्या दिवसापासून ५, ३, ३. मग तीन दिवसांपूर्वी घोळ झाला. सकाळी घसा दुखतो म्हणाला, शिंका चारच, खाज "नाही", ताप ९९.८. अर्धा पराठा खाल्ला. मी ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी नाक भळाभळा, आज चौथा दिवस आणि पिवळं घट्ट झालंय. पण दिवसभर लेगो खेळतोय. ही साधी सर्दी, अ‍ॅलर्जीच्या वर बसलेली, असं मी समजतेय. बरोबर ना?

कृष्णाकाठ
तसंच वाटतंय. तुमच्या वहीत "खाज नाही" ही नोंद फार मोलाची आहे. अ‍ॅलर्जीच्या मुलांना सर्दी-फ्लू होतच राहणार, रोजच्यापेक्षा वेगळं काय झालं एवढंच शोधायचं असतं. स्प्रे सर्दीतही चालू ठेवा. या स्प्रेला लागू पडायला आठवडा-दोन आठवडे लागतात, म्हणून बरेच पालक चौथ्या दिवशीच सोडतात. मारताना मान किंचित खाली, उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्यात उजव्या हाताने, टोक त्याच बाजूच्या कानाकडे. मधल्या पडद्यावर मारला की घोळणा फुटतो आणि औषध बदनाम होतं. वर्षातून एक-दोनदा उंची मोजून घ्या, स्प्रे लांबला तर आम्ही ती बघतो.

आत्याला दमा आहे म्हणून एक सांगतो. सर्दीत रात्रीचा खोकला वाढला, धावल्यावर छातीत शिट्टी वाजली, तर लवकर दाखवा. फासळ्यांमध्ये खड्डा पडतोय, बोलताना वाक्य तुटतंय, ओठ निळसर, पाणी पीत नाही, आठ तास लघवी नाही, हाक मारली तर नीट बघत नाही, यांतलं काहीही दिसलं तर आजार सर्दी आहे की फ्लू हा विचारच करू नका, दवाखाना गाठा.

फ्लूची शंका आली तर पहिल्या ४८ तासांत दाखवा, त्याचं औषध लवकर दिलं तरच खरा उपयोग होतो. नाकातल्या झटपट चाचणीत फ्लू कधीकधी सुटतो, ती निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त होऊ नका. लसीचंही विचारून घ्या. दरवर्षी घ्यावी लागते, आणि नऊ वर्षांखालच्या मुलाला पहिल्यांदा देताना महिन्याच्या अंतराने दोन डोस असतात. घरात दम्याचा इतिहास आहे, तुमच्या डॉक्टरांचं मत काय ते बघा.

रेवती_र
नीलांबरी, फ्लूनंतर त्याचे पाय दुखले होते का गं? माझा भाचा ताप उतरल्यावर सकाळी उठला आणि पाय टेकवेना, पोटऱ्या दगड झालेल्या. आम्ही सगळे हादरलो होतो.

नीलांबरी
हो! सहाव्या दिवशी टाचा उचलून चालत होता. मला वाटलं नाटक करतोय, शाळा नको म्हणून. ओरडले त्याला.

कृष्णाकाठ
फ्लू उतरताना पोटऱ्यांचे स्नायू सुजतात, शाळकरी मुलांत दिसतं. तीन-चार दिवसांत आपोआप जातं. लघवी कोकमासारखी गडद झाली किंवा पायातली ताकदच गेली तर मात्र लगेच आणायचं.

प्राजक्ता_न्यूजर्सी
गाजरगवताचं कोणी बोललंच नाही.

मंदार_ठाणे
प्राजक्ताताई, त्वचेवरची चाचणी केली तर ते कळतं म्हणे, पण त्याआधी आठवडाभर सेटिरिझिन बंद ठेवावं लागतं. आम्ही मुलीची दिवाळीनंतर करतोय. इथे लिहीन.

नीलांबरी
आज सकाळचं. सहा पन्नास. ताप ९८.२. खाज हो, उजव्या तळहाताने दोनदा नाक वर. शिंका तीन. पोहे पूर्ण संपवले आणि वर लिंबू मागितलं. चिठ्ठी दप्तराच्या पुढच्या कप्प्यात. सात दहाच्या बसने गेला. नाकावरची रेघ अजून आहे, पण कालच्या फोटोत मला ती शोधावी लागली.